बोटीनं आलेली गोधडी

लगेजच्या पैशांची भीती माझ्या मनात फार जुनी आहे. परभणीकडच्या माझ्या गावाहून मी पहिल्यांदा इकडे वसईला निघाले तेव्हा आईनं बरोबर ज्वारीचं पोतं दिलं होतं. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं लगेज पडंल, बाई." माझ्याजवळ तिकिटापुरतेच पैसे मोजून आणलेले. मी खाली उतरले, स्टँडवर बसलेल्या एका अनोळखी म्हातारीच्या पदराच्या ओट्यात अर्धी ज्वारी रिकामी केली आणि उरलेलं पोतं मांडीवर घेऊन रात्रभर बसले. आईला ते कधी सांगितलं नाही. पण तेव्हापासून दुसऱ्याच्या गाडीत माझी वस्तू जागा अडवते आहे असं दिसलं की माझा जीव वर-खाली होतो.

शाळा मी सातवीत सोडली. नवरा लग्नानंतर तीन वर्षांत गेला. भावाच्या संसारात किती दिवस राहायचं, म्हणून गावाकडच्या एका बाईच्या ओळखीनं गिरीजच्या वाडीतल्या ह्या घरी कामाला आले. त्याला आता बावीस वर्षं झाली. घरात काका, काकी आणि त्यांची एकुलती मुलगी. तिला सगळे बाय म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागले. मी आले तेव्हा ती पाळण्यात होती. काकी आणि काका आपसांत त्यांच्या वाडीतल्या बोलीत बोलायचे आणि माझ्याकडे वळले की पुस्तकातलं मराठी बोलायचे. मला वर्षभर वाटायचं, आपल्यापासून काही लपवतायत. नंतर कळलं, मला समजावं म्हणूनच बोली बदलत होते.

ह्या घराचे उपकार सांगायला बसले तर कागद पुरायचा नाही. एकच सांगते. बाय पहिलीत गेली तेव्हा काकींनी मला तिच्या शेजारी बसवलं. म्हणाल्या, "ती एबीसीडी गिरवतेय, तूही गिरव. दोघींना एकच पेन्सिल तासून देते." तेव्हा मी चोवीस-पंचवीस वर्षांची बाई. बाय माझी चूक काढायची आणि काकी हसायच्या. इंग्रजी वाचता आलं नाही मला कधी, पण अक्षरं ओळखीची झाली. दुकानाची पाटी, औषधाच्या बाटलीवरचं नाव एकेक अक्षर लावून वाचायचे.

त्या घराची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. घरात नवीन जे काही येईल ते काकींच्या नावानं. काकांच्या आईनं लग्नात सुनेच्या हातात वाडीच्या किल्ल्या देताना तसं ठरवलं होतं म्हणे. केळीचं पहिलं लोंगर बाजारात जाताना त्याच्या चिठ्ठीवर काकींचं नाव. गॅस, वीजमीटर, फ्रीज, काकांची स्कूटर, सगळं काकींच्या नावावर. काका चेष्टेनं म्हणायचे, "ह्या घरात माझ्या नावावर फक्त माझं आधार कार्ड आहे." आणि काकी म्हणायच्या, "तेही हरवलंत एकदा."

बाय शिकायला इंग्लंडला गेली तेव्हा मी तिला गोधडी शिवून दिली. वरचं कापड काकींच्या आईच्या इरकल लुगड्याचं, आत काकींच्या जुन्या सुती साड्यांचे थर. दोन महिने दुपारी बसून टाके घातले. आमच्याकडं गोधडीच्या चारी कोपऱ्यांना रंगीत कापडाची तिकोनी फुलं लावतात, तशी चार फुलं लावली. बाय म्हणाली होती, "मावशी, तिकडे हीटर असतो गं." मी म्हटलं, "हीटर पाय झाकत नाही." ती हसली आणि घेऊन गेली.

ती गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात काकींच्या पोटात गाठ निघाली.

डॉक्टरांनी काकांना खोलीबाहेर नेऊन काय ते सांगितलं. काकांनी मला सांगितलं, विहिरीच्या कठड्याशी उभे राहून. वर्षाचा शेवट कठीण आहे, एवढंच म्हणाले. बायला सांगायचं नाही असं काकींनी बजावलं. तिचा शेवटचा मोठा प्रबंध लिहायचा होता, तो सप्टेंबरच्या सुरुवातीला द्यायचा. "तोवर कुणी तोंड उघडलं तर माझ्याशी गाठ," काकी म्हणाल्या आणि आपण काय शब्द वापरला हे लक्षात येऊन त्यांना स्वतःलाच हसू आलं. आम्ही बायला म्हणत राहिलो, आईला अॅसिडिटी आहे, आईनं पथ्य धरलंय, म्हणून वाळलीय.

उन्हाळ्यातसुद्धा काकींना थंडी वाजायला लागली होती. एके दिवशी त्यांच्या पायांना तेल लावत होते तर म्हणाल्या, "ती गोधडी आण म्हणावं बायला. टाकून येईल नाहीतर तिकडेच."

मी म्हटलं, "मी नवी शिवते की. आठ-पंधरा दिवसांत होईल."

"नवी नको. तिनं पांघरलेली हवी."

एवढंच. पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत. पण मी ते मनात ठेवलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बायचा व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे चार वाजलेले, तिच्याकडे सकाळ. तिची खोली महिनाअखेर सोडायची होती. नंतरचे थोडे दिवस मैत्रिणीकडे राहून प्रबंध देऊन ती निघणार होती. सामानाचं काय करायचं ते आत्ताच ठरवायला हवं होतं. काका कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून पेन घेऊन बसले. मी फोन काकींच्या समोर धरला, असा की उशा दिसू नयेत.

बायनं बॅगेला अडकवून वजन करायचा छोटा काटा आणला होता. एकेक पिशवी उचलून आकडा सांगत होती. तिच्या तिकिटावर तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा फुकट, आणि हातातली सात किलोची. सामान त्याच्या दीडपट होतं. पुस्तकं, थंडीचे कोट, कुकर, इथून नेलेला बिडाचा तवा.

"तवा टाकून ये," काका म्हणाले.

"घरातनं गेलेली वस्तू टाकायची नाही," काकी म्हणाल्या.

"ऐकलंस? तीन किलोचा हुकूम आहे," काका म्हणाले आणि लिहून घेतलं.

तिसरी बॅग विमानात घ्यायची तर आधी ऑनलाइन पैसे भरले की एक दर, विमानतळावर काउंटरवर भरले तर त्याहून बराच जास्त. शिवाय तेवीसच्या बॅगेत दोन-तीन किलो वर गेले तर त्याचा दंड वेगळा, तो बॅग जास्त असण्याचा नव्हे, बॅग जड असण्याचा. दुसरा मार्ग कुरिअरचा, विमानानं आठ दिवसांत घरपोच. तिसरा बोटीचा. एका जादा बॅगेच्या पैशांत बोटीनं दोन मोठी खोकी येत होती. मात्र आठ ते दहा आठवडे लागतील असं त्या कंपनीनं सांगितलं होतं.

"कुरिअरनं फक्त गोधडी पाठवली तर?" काकांनी विचारलं. काकींकडे त्यांनी पाहिलंही नाही, पण मला कळलं ते का विचारतायत.

"अहो बाबा, ते मापानं धरतात," बाय म्हणाली. "लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार. जे जास्त येईल ते वजन. गोधडी चार किलोची आहे, पण खोक्यात घातली की अकरा किलो धरतात."

काकांना ते पटेना. मला लगेच कळलं. मी म्हटलं, "बरोबर आहे की. आमच्याकडं कापसाचा ट्रक आधी भरतो, मग वजन होतं. ड्रायव्हर जागेचेच पैसे घेतो."

"बघा!" बाय म्हणाली. "मावशीला शिपिंग कंपनीत नोकरी लागेल."

काकीसुद्धा हसल्या. मला इतकं बरं वाटलं त्या हसण्याचं. आता वाटतं, त्या हुशारीच्या भरातच मी पुढचं बोलून गेले.

बाय म्हणाली, "मी तिसरी बॅग घेतेच. गोधडी आणि कोट त्यात टाकते. बाकी बोटीनं."

त्याच वेळी मी "हो, घे" म्हणायला हवं होतं. काका पैशाला नाही म्हणत नव्हते. पण मला ती म्हातारी दिसली, स्टँडवरची, आणि ओट्यात पडणारी ज्वारी. माझी वस्तू. माझ्या वस्तूसाठी एवढ्या हजारांची बॅग. काकींच्या औषधांना किती लागत होतं ते मला ठाऊक होतं, इंजेक्शनं मीच आणायला जायचे. आणि त्याहून मोठी भीती दुसरीच. मी "गोधडी विमानानंच आण, लवकर आण" म्हटलं असतं तर बाय लगेच म्हणाली असती, का? घाई कसली? ती माझा चेहरा आणि आवाज लहानपणापासून वाचत आलेली. तिच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही.

म्हणून मी म्हटलं, "काही घाई नाही बाळा. बोटीनं टाक. कोटपण टाक. इथं काय थंडी पडतीय?"

फोनच्या पलीकडे काकी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही. मग खिडकीबाहेर केळीकडे बघत राहिल्या.

बाय म्हणाली, "मग फॉर्म भरूनच टाकते. पाठवणारी मी. घेणाऱ्याचं नाव कुणाचं?"

काका म्हणाले, "तुझंच घाल."

आणि मी, जिला कुणी विचारलं नव्हतं, ती म्हणाले, "असं कसं? ह्या घरात नवं येतं ते काकींच्या नावानं."

"नवं कुठंय, जुनंच आहे सगळं," काका म्हणाले.

"समुद्रावरनं पहिल्यांदाच येतंय ना घरात," मी म्हटलं.

काकी बारीक आवाजात म्हणाल्या, "घाल गं माझं. गंमत वाटेल."

मग बाय म्हणाली, "मावशी, तू सांग स्पेलिंग. बघू येतंय का अजून." मी फोन हातात धरून काकींचं नाव इंग्रजीत एकेक अक्षर सांगितलं. आडनाव, वाडीचं नाव, गिरीज, पिनकोड. एकही चुकलं नाही. बायनं जाड मार्करनं खोक्यावर लिहिलं आणि खोकं कॅमेऱ्याकडे वळवून दाखवलं. काकी म्हणाल्या, "पेन्सिल तासल्याचं चीज झालं." माझ्या उभ्या आयुष्यात माझं इंग्रजी तेवढंच कामाला आलं.

पुढच्या आठवड्यात गाडी येऊन दोन्ही खोकी घेऊन गेली.

सप्टेंबरमध्ये बाय आली. विमानतळावरून काकांबरोबर गाडीतून उतरली, दोन बॅगा अंगणातच ठेवून पळत आत गेली आणि दारातच थांबली. काकी उठून बसल्या होत्या, केस विंचरून घेतले होते माझ्याकडून. मग बाय पुढे झाली. पायाशी बसली आणि काकींच्या पावलांवर डोकं ठेवलं. मी चुलीकडे गेले. नंतर मागच्या पडवीत तिचा आणि काकांचा आवाज चढला, "मला का नाही सांगितलं?" असा, आणि काकींनी आतून हाक मारली, "त्यांना बोलू नकोस, मी सांगितलं होतं." तो विषय तिथं संपला. निदान मोठ्यानं बोलायचा.

जेवणं झाल्यावर काकींनी विचारलं, "आणि गोधडी?"

"ती बोटीत आहे, आई," बाय म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, तरी मला वाटलं बघितलं.

मग आमच्या घरात एक नवाच उद्योग सुरू झाला. बोट कुठवर आली. बायनं कंपनीला फोन केला तर कळलं, खोकी तिकडच्या गोदामातच तीन आठवडे पडून होती. एका कंटेनरमध्ये बऱ्याच लोकांचं सामान घालतात, तो पुरता भरेपर्यंत निघत नाही. आता निघाली होती. फोनच्या नकाशावर बोटीचा ठिपका दिसायचा. काकी रोज सकाळी चहाबरोबर तो ठिपका मागायच्या. बायचा शाळेतला जुना नकाशा काढला, त्यावर काका बोटानं वाट दाखवायचे. बोट आफ्रिकेच्या पार खालून वळसा घालून येत होती. जवळच्या वाटेवर भांडणं चालू आहेत, म्हणून हल्ली सगळ्या बोटी तशाच येतात, बायनं सांगितलं.

"एवढा वळसा?" काकी म्हणाल्या. "ह्याच्यापेक्षा आपली आगाशीची बस बरी."

"तीही वेळेवर कुठं येते?" काका म्हणाले.

मी त्या चेष्टेत सामील व्हायचे. पण ठिपका हलला नाही त्या दिवशी माझं ताट तसंच राहायचं. मी गुपचूप नवी गोधडी शिवायला घेतली होती. चार दिवसांत काकींनी पाहिलं. म्हणाल्या, "शिव. तुलाच होईल." रोज घरातली सगळी पांघरुणं मी त्यांच्यावर घालत होते. त्या कुरकुरायच्या नाहीत, पण पाय गार ते गारच.

दिवाळीच्या आठ दिवस आधी बोट न्हावाशेवा बंदराला लागली. काकींनी मला साखरभात करायला लावला. स्वतः दोन शितं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी माल सोडवणाऱ्या एजंटच्या ऑफिसातून फोन आला. बायनं स्पीकरवर ठेवला. पलीकडचा माणूस सभ्य होता, थकलेला होता. त्यानं बायचा पासपोर्ट, परत आल्याचा शिक्का, सामानाची यादी, सगळं मागितलं. ते तयार होतं. मग म्हणाला, "मॅडम, पण कन्साइनी, म्हणजे माल घेणाऱ्या, कोण आहेत ह्या? ह्या तुमच्याबरोबर परदेशात होत्या का?"

"नाही. माझी आई. घरच्याच आहेत."

"मग प्रॉब्लेम आहे. परदेशातून परत येणाऱ्या माणसाचं वापरलेलं सामान त्याच्याच नावावर आलं तर बॅगेज म्हणून सुटतं. जुने कपडे, पुस्तकं, त्यांना ड्युटी नाही. हे दुसऱ्याच्या नावावर आलंय. मग ते बॅगेज धरत नाहीत."

"पण पत्ता एकच आहे, आडनाव एकच आहे."

"आडनावाला कस्टम्स काय करणार, मॅडम? जहाजाच्या यादीत जे नाव गेलं ते गेलं. आता तिकडच्या कंपनीकडून कागद दुरुस्त करून घ्या. इथं यादीतलं नाव बदलायला अर्ज द्यावा लागेल. आणि ज्यांच्या नावावर आलंय त्यांचं पत्र, की माझी हरकत नाही. सहीसकट. ओरिजिनल."

"किती दिवस?"

"एरवी आठवडा-दहा दिवस धरा. आता मध्ये दिवाळी आलीय."

बायनं फोन ठेवला. काका म्हणाले, "चला, पत्र लिहू." मी पदर तोंडात धरून उभी होते. मला वाटलं आता कुणीतरी म्हणेल, हिनं सांगितलं होतं नाव. कुणीच म्हणालं नाही. त्या घरात कुणी म्हणणारंच नव्हतं. म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

पत्र बायनं टाइप केलं. पापडीच्या बाजारात जाऊन छापून आणलं. काकींना उशांना टेकवून बसवलं, मांडीवर पाट ठेवला, पाटावर कागद. काकींनी वाचायला सांगितलं. बायनं मराठीत सांगितलं, "ही खोकी माझ्या नावावर आली आहेत, ती माझ्या मुलीच्या नावावर करायला माझी हरकत नाही."

काकी म्हणाल्या, "माझ्या नावावरचं पहिल्यांदाच काहीतरी काढून घेताय."

"आई, असं नको ना म्हणू."

"अगं चेष्टा करतेय." पेन धरला. पहिली सही कागदावरून पाटावर गेली. बायनं दुसरा कागद काढला. ती दोन प्रती छापून घेऊन आली होती, शहाणी मुलगी. काकींनी दुसऱ्यांदा सही करताना मला म्हटलं, "हात धर माझा." मी मनगट धरलं. ज्या हातानं मला पेन्सिल धरायला शिकवलं होतं तो मी धरला, आणि त्यांनी स्वतःचं नाव सावकाश लिहिलं. सही पॅन कार्डावरच्या सहीसारखी आली नाही. पण एजंटनं चालवून घेतली.

मग दिवाळी आली. ऑफिसं बंद. तिकडून दुरुस्त कागद आला, इकडे साहेब रजेवर. रोज बाय फोन करायची, "माझी आई फार आजारी आहे हो." तो माणूस म्हणायचा, "मॅडम, मी स्वतः फाइल घेऊन उभा राहतो उद्या." खरंच राहिला असेल. त्याचा काही दोष नव्हता. बोटीचाही नव्हता.

भाऊबीजेच्या नंतर चौथ्या दिवशी सकाळी काकी गेल्या. शेवटच्या दोन दिवसांत त्या फारशा शुद्धीवर नव्हत्या. एकदाच डोळे उघडून मला म्हणाल्या, "आली का?" मला कळलं नाही, बाय म्हणतायत की गोधडी. बाय शेजारीच बसलेली होती. मी म्हटलं, "आली काकी." दोन्हींसाठी एकच उत्तर दिलं. त्यांनी डोळे मिटले.

खोकी आली ती नवव्या दिवशी. सकाळी अकराच्या सुमाराला फाटकाशी टेम्पो थांबला. घरात दहाव्याची तयारी चाललेली, ओटीवर दोन-चार नातेवाईक बसलेले. टेम्पोवाल्यानं पहिलं खोकं खांद्यावर घेऊन अंगणात आणलं, घाम पुसला आणि खोक्यावरचं वाचून मोठ्यानं काकींचं पूर्ण नाव घेतलं. "कोण आहेत ह्या? सामान आहे."

कागदावरचं नाव बदललं होतं. खोक्यावरचं कोण बदलणार? ते मार्करनं लिहिलेलं तसंच होतं. मी सांगितलेलं एकेक अक्षर, ठळक, एकही न चुकलेलं.

काका खांबाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "इथंच. आणा आत." आणि सही केली.

खोकं बायच्यानं उघडवेना. विळीनं पट्टी मीच कापली. वर कुकर, तवा, खाली कोट, आणि सगळ्यांत तळाशी गोधडी, प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून चपटी केलेली. पिशवी फोडली तशी ती हळूहळू फुगली. मी नाकाशी धरली. पुठ्ठ्याचा, दमट गोदामाचा वास येत होता. बायचा वास तीन महिन्यांत उडून गेलेला. तिनं पांघरलेली हवी, म्हणाल्या होत्या काकी. ती तशी आलीच नव्हती. वेळेवर आली असती तरी आली नसती, असं मी स्वतःला सांगितलं. पण ते खरं नव्हतं. पाय तर झाकले असते.

मागच्या अंगणात दोरीवर ती उन्हात घातली. बाय माझ्या मागोमाग आली. तिनं एका कोपऱ्याचं फूल बोटांत धरलं.

"मावशी," ती म्हणाली, "त्या दिवशी फोनवर, तुला माहीत होतं ना आईचं?"

"हो."

"आणि तिला ही हवी होती, तेही?"

"हो."

"मग बोटीनं टाक का म्हणालीस?"

मी खूप दिवस ह्या प्रश्नाची वाट बघत होते. तोंडाशी पुष्कळ उत्तरं होती. तुझा प्रबंध होता. औषधांना पैसे लागत होते. काकींनीच गप्प राहायला सांगितलं होतं. सगळी खरी होती. पण मी तिला ज्वारीच्या पोत्याची गोष्ट सांगितली. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला सांगितली. कंडक्टर, स्टँड, म्हातारीचा ओटा. म्हटलं, "माझ्या वस्तूसाठी कुणी लगेज भरावं, हे मला अजून सोसत नाही बाय. काकींना हवी होती ती माझी वस्तू नव्हती, तुझी होती. ते मला तेव्हा कळलं नाही."

ती रडली नाही. तिनं दोरीवरची गोधडी उलटी केली, दुसरी बाजू उन्हाला यावी म्हणून. मग म्हणाली, "मलाही विचारायचं सुचलं नाही. मी नुसते किलो मोजत बसले."

दहावं, तेरावं झालं. काकींच्या साड्या, पांघरुणं रीतीप्रमाणे देऊन टाकली. गोधडी द्यायच्या ढिगात ठेवायची की नाही, कुणालाच ठरवता येईना. ती काकींच्या नावानं आली होती, पण त्यांनी पांघरलेली नव्हती. शेवटी काकांनी ती उचलून बायच्या कॉटवर टाकली.

बायला आता पुण्याला नोकरी लागली आहे. परवा ती गेली. बॅग भरताना मी गोधडी घडी करून आणली तर म्हणाली, "राहू दे मावशी. तू घे अंगावर." मी म्हटलं, माझी नवी शिवलेली आहे की. ती म्हणाली, "मग दोन्ही घे. हीटर पाय झाकत नाही."

त्या खोक्याच्या झाकणाचा पुठ्ठा मी फेकला नाही. माझ्या खोलीत पेटीमागे उभा करून ठेवला आहे. झाडताना रोज दिसतो. मी काकींचं नाव वाचते, एकेक अक्षर लावून, आणि प्रत्येक वेळी ते बरोबर असतं.